महावृत्तीय अंतर आणि विमानांचा प्रत्यक्ष उड्डाणमार्ग

महावृत्तीय अंतर म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन स्थळांमधील किमान अंतर. प्रवासी विमानाने एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंत प्रत्यक्ष कापलेले अंतर जवळजवळ नेहमीच याहून अधिक भरते. आखून दिलेले हवाई मार्ग, प्रतिबंधित किंवा बंद असलेली हवाई हद्द आणि वारा व वादळे टाळण्यासाठी घ्यावी लागणारी वळणे ही या वाढीची तीन प्रमुख कारणे आहेत. विमानतळाभोवतीच्या चढण्या-उतरण्याच्या ठरावीक वाटांमुळे आणखी थोडी भर पडते. सामान्य परिस्थितीत ही वाढ काही टक्क्यांपुरती मर्यादित राहते; मात्र एखाद्या देशाची हवाई हद्द बंद झाल्यास ती २० टक्के वा त्याहूनही अधिक होऊ शकते. या लेखात मुख्यतः मुंबई–लंडन मार्गाच्या आधारे या कारणांचे विवेचन केले आहे.

## महावृत्त

गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने गोलाचा छेद घेतला असता पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते त्यास महावृत्त किंवा बृहद्वृत्त म्हणतात. विषुववृत्त आणि सर्व रेखावृत्ते ही महावृत्ताची परिचित उदाहरणे होत. पृष्ठभागावरील कोणत्याही दोन स्थळांमधील सर्वांत जवळची वाट ही त्या स्थळांतून जाणाऱ्या महावृत्ताचा लहान कंस असते.

भिंतीवरील सपाट नकाशावर हा कंस बहुधा वक्र दिसतो. उत्तर गोलार्धात पूर्व-पश्चिम प्रवासाचा कंस उत्तरेकडे फुगलेला दिसतो आणि त्यामुळे विमान उगाच वळसा घेत आहे असा समज होतो. वस्तुतः हा नकाशाच्या प्रक्षेपणाचा परिणाम आहे. पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरल्यास तो याच ‘वक्र’ वाटेवर स्थिरावतो. म्हणून नकाशावरील वक्रता हा लांब मार्गाचा पुरावा नव्हे; तुलना महावृत्तीय अंतराशीच करावी लागते.

दोन स्थळांचे अक्षांश φ1 व φ2 आणि रेखांशांमधील फरक Δλ असल्यास त्यांच्यामधील कोनीय अंतर d पुढील सूत्राने मिळते:

cos d = sin φ1 · sin φ2 + cos φ1 · cos φ2 · cos Δλ

मुंबई विमानतळ सुमारे १९.१° उत्तर, ७२.९° पूर्व येथे, तर लंडनचा हीथ्रो विमानतळ सुमारे ५१.५° उत्तर, ०.५° पश्चिम येथे आहे. ही मूल्ये सूत्रात घातल्यास d सुमारे ६४.९ अंश येतो. पृथ्वीच्या महावृत्ताचा एक अंश सुमारे १११.२ किमी असल्याने अंतर साधारण ७,२१० किमी भरते. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे अचूक मूल्यात काही किलोमीटरांचा फरक पडतो. प्रस्तुत विवेचनासाठी तो नगण्य आहे.

### मुंबई–लंडन महावृत्ताची वाट

हा कंस मुंबईहून वायव्येस निघतो, सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळून पुढे जातो आणि जवळजवळ कराचीच्या डोक्यावरून पाकिस्तानात प्रवेश करतो. बलुचिस्तान ओलांडून तो इराणमध्ये शिरतो, कॅस्पियन समुद्राच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून अझरबैजान व आर्मेनियाकडे वळतो आणि कॉकेशस प्रदेश मागे टाकून काळ्या समुद्रावर येतो. त्यानंतर क्रिमिया व युक्रेन, चेक प्रजासत्ताक व पोलंडचा सीमाभाग, जर्मनी आणि नेदरलँड्स–बेल्जियमचा परिसर पार करून तो लंडनला पोहोचतो.

भूमितीच्या दृष्टीने ही सर्वांत जवळची वाट असली, तरी राजकीय नकाशावर ती अनेक अडचणीच्या हद्दींतून जाते. कराची, इराण आणि युक्रेन ही तिन्ही ठिकाणे अलीकडच्या काळात वेगवेगळ्या कारणांनी विमानांना बंद झालेली आहेत.

## हवाई मार्गांचे जाळे

आकाश मोकळे दिसत असले तरी विमाने त्यात मनास येईल तशी उडत नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यापासून जमिनीवर रेडिओ दीपस्तंभ उभारण्यात आले. वैमानिक एका दीपस्तंभाचा संकेत पकडून त्याच्या दिशेने जात आणि तो ओलांडल्यावर पुढच्या दीपस्तंभाचा संकेत पकडत. अशा दीपस्तंभांना जोडणाऱ्या रेषांमधून हवाई मार्ग तयार झाले. या मार्गांची रुंदी सर्वसाधारणपणे १० सागरी मैल, म्हणजे सुमारे १८.५ किमी धरली जाते. दीपस्तंभ डोंगरमाथे, शहरे व विमानतळ यांच्या सोयीने उभारलेले असल्यामुळे त्यांना जोडणारी रेषा सरळ न राहता मोडत-मोडत जाते.

उपग्रहांवर आधारित दिशादर्शन आल्यानंतर जमिनीवरील दीपस्तंभाची गरज मोठ्या प्रमाणात उरली नाही. आता मार्ग अक्षांश-रेखांशांनी निश्चित केलेल्या मार्गबिंदूंमधून आखले जातात. या बिंदूंना रोमन लिपीतील पाच अक्षरांची, उच्चारता येतील अशी नावे दिलेली असतात, जेणेकरून नियंत्रक व वैमानिक ती रेडिओवर सहज बोलू शकतील. साधने बदलली तरी मार्गांची चौकट मात्र टिकून राहिली. विमाने ठरावीक वाटांवरून आणि ठरावीक उंचीवरून गेल्यास कोणते विमान कोठे कोणाला छेदून जाणार हे नियंत्रकास आधीच कळते, हे त्याचे मुख्य कारण आहे. एका नियंत्रकाकडे एकाच वेळी अनेक विमाने असतात. प्रत्येकाने स्वतःचे महावृत्त धरल्यास छेदनबिंदू सर्वत्र विखुरतील आणि विमानांमध्ये सुरक्षित अंतर राखणे कठीण होईल.

मार्ग मोडण्याचे दुसरे कारण हद्दींच्या सीमेवर असते. जगाचे आकाश उड्डाण माहिती क्षेत्रांमध्ये विभागलेले आहे. भारताची मुख्य क्षेत्रे मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई येथून सांभाळली जातात. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपुढे कोणत्याही देशाचे सार्वभौमत्व नसले, तरी वाहतूक नियंत्रणाची जबाबदारी खुल्या समुद्रावरही वाटून दिलेली असते. त्यामुळे मुंबई क्षेत्र अरबी समुद्रात दूरवर पसरलेले आहे. एका क्षेत्रातून दुसऱ्यात जाताना विमान पूर्वनिश्चित बिंदूवरूनच सुपूर्द केले जाते. महावृत्त सीमेला ज्या जागी छेदते तेथे असा बिंदू नसेल, तर विमानाला बाजूच्या बिंदूकडे वळावे लागते.

समुद्रावर रडारची नजर पोहोचत नाही. किनाऱ्यापासून काही शेकडो किलोमीटरांनंतर विमानाचे स्थान त्याने पाठवलेल्या संदेशांवरून कळते, म्हणून दोन विमानांमध्ये अधिक मोकळी जागा ठेवावी लागते. सागरी क्षेत्रात समांतर मार्गांमध्ये ५० सागरी मैल, म्हणजे सुमारे ९३ किमी अंतर ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. परिणामी सर्वांत सोयीचा मार्ग भरलेला असल्यास नंतर आलेल्या विमानाला शेजारचा मार्ग किंवा गैरसोयीची उंची स्वीकारावी लागते.

### लहान वळणाची किंमत

मार्गातील वळणांमुळे अंतर किती वाढते हे वळणाच्या कोनावर अवलंबून असते, आणि ही वाढ कोनाच्या प्रमाणात होत नाही. सरळ दिशेपासून ५ अंश बाजूला जाऊन तितक्याच कोनाने परत आल्यास अंतर अर्ध्या टक्क्याहूनही कमी वाढते. कोन १० अंश झाल्यास वाढ सुमारे दीड टक्का, २० अंशांवर ती सव्वासहा टक्क्यांच्या थोडी वर, तर ३० अंशांवर साडेपंधरा टक्के होते. म्हणूनच लांब मार्गावरील बारीकसारीक मोडींचा खर्च सहन होण्याजोगा असतो. खरी वाढ विमानाला एखादा मोठा प्रदेश पूर्णपणे टाळावा लागतो तेव्हा होते.

## प्रतिबंधित आणि बंद हवाई हद्द

### कायमचे व तात्पुरते निर्बंध

प्रत्येक देशाला आपल्या भूमीवरील व किनारी समुद्रावरील आकाशावर सार्वभौम अधिकार आहे. १९४४ मध्ये शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराने हे तत्त्व मान्य केले आहे. त्यानुसार देश आपल्या आकाशाचे काही भाग राखून ठेवतात. निषिद्ध क्षेत्रात नागरी विमानास कधीही प्रवेश नसतो. नवी दिल्लीतील राष्ट्रपती भवनाचा परिसर हे त्याचे उदाहरण होय. निर्बंधित क्षेत्रात विशिष्ट अटींवर वा विशिष्ट वेळीच जाता येते. धोक्याच्या क्षेत्रात तोफांचा सराव किंवा क्षेपणास्त्र चाचणी यांसारख्या गोष्टी ठरावीक वेळी चालतात. तात्पुरत्या बंदीची सूचना ‘नोटॅम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संदेशाद्वारे दिली जाते, आणि उड्डाणाचा आराखडा बनवताना ती पाहणे बंधनकारक असते.

भारतात हवाई दलासाठी राखीव असलेल्या क्षेत्रांचे प्रमाण मोठे आहे. मे २०२० मध्ये केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी भारताच्या हवाई हद्दीपैकी केवळ ६० टक्के भाग नागरी विमानांना मुक्तपणे उपलब्ध असल्याचे सांगितले होते, आणि निर्बंध सैल केल्यास विमान वाहतूक क्षेत्राची वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपयांची बचत होईल असा अंदाज मांडला होता. यावरील उपाय म्हणजे ‘लवचीक वापर’. हवाई दलाचा सराव नसेल त्या वेळी राखीव क्षेत्र नागरी विमानांसाठी खुले केले जाते, आणि त्यातून जाणारे सशर्त मार्ग त्या दिवसापुरते वा त्या तासांपुरते वापरता येतात.

### युद्ध आणि तणाव

१७ जुलै २०१४ रोजी ॲम्स्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेले मलेशिया एअरलाइन्सचे विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि त्यातील सर्व २९८ जण मृत्युमुखी पडले. त्या दिवशी तेथील आकाश ३२,००० फुटांपर्यंतच बंद होते आणि विमान ३३,००० फुटांवरून, म्हणजे नियमानुसार खुल्या असलेल्या उंचीवरून जात होते. हद्द अधिकृतपणे खुली असणे आणि ती सुरक्षित असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या दुर्घटनेने दाखवून दिले. तेव्हापासून विमान कंपन्या व त्यांचे नियामक स्वतःचे धोक्याचे मूल्यमापन करून, बंदी नसलेलेही प्रदेश टाळू लागले. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर युक्रेनचे संपूर्ण आकाश नागरी विमानांना बंद झाले.

भारतीय उपखंडात २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली. ती १६ जुलै २०१९ रोजी पूर्ववत खुली झाली. त्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हद्द पुन्हा बंद केली आणि ३० एप्रिल रोजी भारताने पाकिस्तानी विमानांसाठी तसाच निर्णय घेतला. जून २०२५ मध्ये इस्रायल–इराण संघर्ष पेटल्यावर इराणसह इराक व जॉर्डन यांनीही आपापले आकाश काही काळ बंद केले होते.

### मुंबई–लंडन: एक हिशेब

या बंदींचा अंतरावर होणारा परिणाम वर दिलेल्या सूत्राने ढोबळपणे मोजता येतो. त्यासाठी बंद प्रदेशाला वळसा घालणारे एक-दोन बिंदू निवडून प्रत्येक टप्प्याचे महावृत्तीय अंतर काढायचे आणि त्यांची बेरीज करायची. प्रत्यक्ष मार्ग या बिंदूंवरून तंतोतंत जात नाहीत, परंतु वाढीचे प्रमाण समजण्यास हा हिशेब पुरेसा आहे.

पाकिस्तान टाळायचा असल्यास विमान मुंबईहून समुद्रावरून थेट पश्चिमेकडे, ओमानमधील मस्कतकडे जाऊ शकते. हा टप्पा सुमारे १,५९० किमीचा आहे. मस्कतहून लंडनचे महावृत्त इराण व तुर्कस्तानवरून काळ्या समुद्रावर येते आणि रोमानिया व हंगेरीमार्गे पुढे जाते. ते सुमारे ५,८३० किमी भरते. युक्रेन त्यात आपोआप टळतो. एकूण ७,४२० किमी, म्हणजे किमान अंतरापेक्षा केवळ २१० किमी अधिक.

इराणही टाळायचा झाल्यास वाट आणखी दक्षिणेकडे सरकते. मुंबई ते रियाध सुमारे २,७७० किमी, रियाध ते कैरो सुमारे १,६१० किमी आणि कैरो ते लंडन सुमारे ३,५३० किमी. बेरीज ७,९१० किमी येते. वाढ सुमारे ७०० किमी म्हणजे जवळपास १० टक्के होते आणि ताशी ९०० किमी वेगाने त्यासाठी पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ लागतो.

दिल्लीची स्थिती याहून वेगळी आहे. दिल्ली–लंडन महावृत्तीय अंतर सुमारे ६,७३० किमी, म्हणजे मुंबईपेक्षा कमी आहे. परंतु दिल्लीच्या पश्चिमेस लगेचच पाकिस्तान असल्याने तो टाळण्यासाठी विमानाला आधी नैर्ऋत्येस राजस्थान व गुजरात ओलांडून समुद्र गाठावा लागतो आणि मगच मस्कतकडे वळता येते. सौराष्ट्राच्या किनाऱ्याबाहेरील बिंदू आणि मस्कत असा वळसा धरल्यास एकूण अंतर सुमारे ८,०९० किमी होते.

| मार्ग | अंतर (किमी) | वाढ |
|---|---|---|
| मुंबई–लंडन, महावृत्त | ७,२१० | — |
| मुंबई–मस्कत–लंडन | ७,४२० | ३ टक्के |
| मुंबई–रियाध–कैरो–लंडन | ७,९१० | १० टक्के |
| दिल्ली–लंडन, महावृत्त | ६,७३० | — |
| दिल्ली–सौराष्ट्र किनारा–मस्कत–लंडन | ८,०९० | २० टक्के |

एकाच बंदीमुळे मुंबईच्या विमानाला ३ टक्के, तर दिल्लीच्या विमानाला २० टक्के अधिक अंतर कापावे लागते. अडथळा प्रस्थानस्थानाच्या किती जवळ आहे आणि तो टाळण्यासाठी किती मोठ्या कोनाने वळावे लागते यावर हा फरक अवलंबून आहे. मुंबईच्या पश्चिमेस मोकळा समुद्र आहे, त्यामुळे विमानाला पहिल्यापासूनच अल्प कोनाने दिशा बदलता येते. २०१९ मध्ये उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या उड्डाणांना अधिक झळ बसली ती याच कारणाने. दिल्ली–इस्तंबूल हे इंडिगोचे उड्डाण त्या काळात इंधनासाठी दोहा येथे थांबवावे लागत होते. २ जुलै २०१९ पर्यंत या बंदीमुळे एअर इंडियाचे ४९१ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याची माहिती सरकारने राज्यसभेत दिली होती.

## वारा आणि वादळे

### वाऱ्यासाठी स्वीकारलेला लांब मार्ग

काही वेळा विमान कंपनी आपणहून लांबचा मार्ग निवडते. विमानाचे इंधन जमिनीवरील अंतरानुसार नव्हे, तर त्याने हवेतून कापलेल्या अंतरानुसार जळते. समोरून वारा असल्यास तितक्याच भूअंतरासाठी विमानाला हवेतून अधिक प्रवास करावा लागतो.

मध्य अक्षांशांमध्ये सुमारे १० किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह आढळतात. हिवाळ्यात ते अधिक प्रबळ व अधिक दक्षिणेकडे सरकलेले असतात. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानाला ते समोरून भेटतात. समजा, ७,२१० किमीच्या सरळ मार्गावर सरासरी ताशी १०० किमी वेगाचा वारा समोरून आहे, तर ७,४२० किमीच्या मार्गावर तो ताशी ५० किमीच आहे. विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किमी धरल्यास पहिल्या मार्गावर जमिनीच्या संदर्भातील वेग ८०० आणि दुसऱ्यावर ८५० होतो. पहिल्या मार्गाला सुमारे ९ तास १ मिनिट, तर दुसऱ्याला ८ तास ४४ मिनिटे लागतात. लांबचा मार्ग १७ मिनिटे आधी पोहोचवतो आणि इंधनही वाचवतो. परतीच्या प्रवासात उलट विचार केला जातो व जेट प्रवाहाच्या मध्याजवळून जाण्याचा प्रयत्न होतो. उत्तर अटलांटिक महासागरावर याच तत्त्वावर समांतर मार्गांचा संच त्या दिवसाच्या वाऱ्यानुसार आखून रोज जाहीर केला जातो.

म्हणून महावृत्ताहून लांब असलेला प्रत्येक मार्ग हा व्यवस्थेचा दोष ठरत नाही. नेमक्या तुलनेसाठी वाऱ्याच्या दृष्टीने सर्वोत्तम मार्ग आणि प्रत्यक्ष मार्ग यांतील फरक पाहावा लागतो.

### गडगडाटी वादळे

गडगडाटी वादळांचे उंच मेघ उष्ण कटिबंधात १५ किमीपेक्षाही वर जातात, तर प्रवासी विमाने साधारणतः १० ते १२ किमी उंचीवर उडतात. त्यामुळे असे मेघ वरून ओलांडता येत नाहीत. बाजूनेच जावे लागते. त्यांच्या आत तीव्र ऊर्ध्वगामी व अधोगामी झोत, गारा आणि बर्फाचे थर चढण्याचा धोका असतो. वैमानिक विमानाच्या नाकातील हवामान रडारवर मेघांचा गाभा पाहतो आणि तीव्र वादळापासून किमान २० सागरी मैल (सुमारे ३७ किमी) दूर राहतो. शक्य असेल तेव्हा वाऱ्याच्या वरच्या बाजूने जाणे पसंत केले जाते, कारण गारा व खळबळ वाऱ्याच्या दिशेने लांबवर वाहत जातात. मार्ग सोडण्यापूर्वी नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागते. शेजारी निषिद्ध हद्द किंवा दुसरी विमाने असल्यास ती हव्या त्या बाजूस मिळत नाही.

प्रवासाच्या मध्यावर असे वळण स्वस्तात पडते. ६०० किमीच्या टप्प्यात विमान हळूहळू ६० किमी बाजूला जाऊन परत आले, तर अंतर जेमतेम १२ किमी वाढते. तेच वादळ उतरण्याच्या विमानतळावर असल्यास परिस्थिती बदलते. मग विमान ठरावीक जागी घिरट्या घालत थांबते. अशी एक घिरटी साधारण चार मिनिटांची असते व तीत सुमारे ३० किमी अंतर कापले जाते, परंतु विमान गंतव्याच्या तसूभरही जवळ येत नाही. पावसाळ्यात मुंबईत दृश्यमानता फार घटल्यास विमाने अहमदाबाद वा हैदराबादसारख्या पर्यायी विमानतळांकडे वळवली जातात आणि नंतर पुन्हा मुंबईस येतात. अशा उड्डाणाचे एकूण अंतर मूळ अंतराच्या कितीतरी पुढे जाते.

## विमानतळाभोवतीची वाढ

विमाने शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडतात आणि उतरतात. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि दुसरी धावपट्टी तिला छेदत असल्याने दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. वारा समुद्रावरून असताना विमाने पूर्वेकडून, घाटकोपर–कुर्ल्याच्या बाजूने येऊन पश्चिमाभिमुख उतरतात. लंडनहून वायव्येकडून आलेल्या विमानाला त्यामुळे विमानतळाच्या पलीकडे पूर्वेस जाऊन उलट वळावे लागते. याउलट लंडनला निघालेले विमान पश्चिमेकडे तोंड करून उडाल्याने थेट समुद्रावर, म्हणजे हव्या त्याच दिशेस जाते.

हीथ्रो येथे गर्दीच्या वेळी येणारी विमाने बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन या चार ठिकाणी एकावर एक अशा थरांत घिरट्या घालत आपल्या क्रमाची वाट पाहतात. लहान पल्ल्याच्या उड्डाणांत या वाढीचे प्रमाण मोठे दिसते: ४० किमीची वाढ ७,२०० किमीच्या प्रवासात अर्ध्या टक्क्याहून किंचितच अधिक असली, तरी ४०० किमीच्या प्रवासात ती १० टक्के ठरते.

## इंधन व भारावरील परिणाम

लांबलेल्या मार्गासाठी लागणारे इंधन सुरुवातीपासून बरोबर घ्यावे लागते आणि ते वाहून नेण्यासाठीही इंधन खर्च होते. ढोबळ मानाने जादा इंधनाच्या वजनाच्या ३ ते ४ टक्के इंधन दर तासाला केवळ ते वाहण्यात जळते. ताशी सुमारे ५ टन इंधन जाळणाऱ्या रुंद विमानाला ७०० किमीच्या वळशासाठी जवळपास ४ टन इंधन लागते. ते प्रवासाच्या शेवटापर्यंत वाहून न्यायचे असल्याने प्रत्यक्षात आरंभी ५ टनांच्या आसपास अधिक भरावे लागते.

विमानाच्या उड्डाणभाराला मर्यादा असते. मार्ग त्याच्या पल्ल्याच्या जवळ येऊ लागला की इंधनाला जागा करण्यासाठी माल किंवा प्रवासी कमी करावे लागतात. तेही पुरेसे नसल्यास वाटेत इंधनासाठी थांबावे लागते. २०२५ मधील बंदीनंतर दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी एअर इंडियाची काही उड्डाणे व्हिएन्ना व कोपनहेगन येथे थांबवावी लागली. अशा थांब्यामुळे कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांची मर्यादाही ओलांडली जाण्याचा संभव असतो व दुसरी तुकडी ठेवावी लागते. रशियाची हद्द बंद झाल्यानंतर फिनएअरच्या हेलसिंकी–टोकियो उड्डाणाचा वेळ सुमारे साडेनऊ तासांवरून १३ तासांच्या आसपास गेला. सायबेरियावरून जाणाऱ्या जवळच्या वाटेवर उभा केलेला त्या कंपनीचा आशियाई व्यवसाय त्यामुळे मुळापासून बदलावा लागला.

## वाढीचे मापन

युरोपात ‘युरोकंट्रोल’ ही संस्था प्रत्येक उड्डाणाच्या मार्गाची महावृत्तीय अंतराशी तुलना करते. या मापनात प्रस्थान व गंतव्य विमानतळांभोवतीची ४० सागरी मैलांची वर्तुळे वगळली जातात, जेणेकरून धावपट्टीची दिशा व घिरट्या यांचा परिणाम वेगळा राहावा. तेथे दोन वेगवेगळी मूल्ये काढली जातात: आराखड्यात नोंदवलेल्या मार्गाची वाढ आणि प्रत्यक्ष उडालेल्या मार्गाची वाढ. दुसरे मूल्य सामान्यतः कमी, सुमारे ३ टक्के येते, कारण वाहतूक विरळ असताना नियंत्रक वैमानिकाला मधले बिंदू वगळून पुढच्या बिंदूकडे सरळ जाण्याची मुभा देतात. मात्र अशी मुभा मिळेल हे गृहीत धरून इंधन कमी भरता येत नाही. त्यामुळे अंतर वाचले तरी आराखड्यानुसार घेतलेले वजन विमान वाहतच असते.

युरोपच्या बऱ्याच भागात आता ‘मुक्त मार्ग हवाई क्षेत्र’ लागू आहे. त्यात ठरावीक प्रवेशबिंदू व निर्गमनबिंदू यांच्यामध्ये कंपनीला स्वतःचा मार्ग आखता येतो, हवाई मार्गांचे मधले जाळे वापरावे लागत नाही. या व्यवस्थेने मार्गांच्या मोडींमुळे होणारी वाढ घटते. बंद हद्दी आणि वादळांमुळे होणारी वाढ मात्र तिच्या आवाक्याबाहेरची आहे.

एखाद्या विशिष्ट उड्डाणाच्या वाढीचे कारण त्याच्या नोंदलेल्या वाटेच्या आकारावरून बरेचसे ओळखता येते. दररोज त्याच जागी पडणाऱ्या लहान मोडी हवाई मार्गांच्या वा सीमेवरील बिंदूंच्या असतात. एखाद्या देशाच्या सीमेला समांतर जाणारा व अनेक दिवस टिकणारा मोठा वळसा बंद हद्दीचा असतो. रोज बदलणारा परंतु सफाईदार, लांबच लांब बाक वाऱ्यासाठी घेतलेला असतो, तर एकाच दिवशी दिसणारी अनियमित वळणे व घिरट्या वादळ किंवा गर्दी सुचवतात.